भात न धरणारी जागा

मी माती तपासून सल्ला देतो असं सांगितलं, की पार्ल्यातले शेजारी आधी माझ्या नखांकडे बघायचे आणि मग हसायचे. "माती बघायला माणूस कशाला? कुदळ पुरे की," असं आमच्या वाण्याने मला एकदा तोंडावर ऐकवलं होतं. सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी मी साहेबाशी भांडून सोडली होती. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, थोड्या काचेच्या नळ्या, तराजू आणि बायकोच्या स्वयंपाकघरातून पळवलेल्या दोन चाळण्या, एवढ्यावर धंदा मांडला होता. भांडखोर मी अजूनही आहे. तेव्हा त्याला शहाणपणाच्या गर्वाची जोड होती, आणि त्या गर्वापायी माझ्या हातून एका बाईचं घर जवळजवळ मोडलं होतं.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. उन्हाळा चढत होता. दहिसरच्या पलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या एका गावातून एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले. धोतर पांढरंशुभ्र, टोपी कडक, आणि बोलणं हुकमी. आयुष्यभर गिरणीत जॉबर होते, पन्नास माणसं हाताखाली. गावची शेती धाकटा भाऊ बघायचा. भाऊ वारला तेव्हा हे गिरणी सोडून, परळची खोली सोडून, बायको आणि एकुलत्या मुलाला घेऊन गावी परतले होते. जॉबरकी सुटली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसं होतं. माझ्या खोलीतही ते मलाच "बसा" म्हणाले.

"घरामागे वरच्या अंगाला आमचा तुकडा आहे," ते म्हणाले. "भात लावतो. होत नाही. रोप लावलं की पिवळं पडतं, मग करपतं. इतकी वर्षं झाली. तुम्ही येऊन बघा आणि जमीन चांगली की वाईट एवढं लिहून द्या. सहीशिक्क्याने."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. बाकीचं आमचं आम्ही बघू."

बाकीचं म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

गेलो तेव्हा बारा वाजायला आले होते. घर कौलारू, बाजूला ओटा, मागे परडं, आणि परड्याच्या वर तो तुकडा, चांगला दीडेक एकर. बांध घातलेले, जमीन सपाट केलेली, मागच्या वर्षीची खुंटं कुठे कुठे उभी. खाली, बऱ्याच अंतरावर, खाडीचं पाणी आणि कडेला खारं पडलेलं पांढुरकं रान दिसत होतं. खड्डे खणायला गावातले दोन गडी सांगून ठेवले होते. ते परड्याच्या कुंपणाशीच थांबले.

"बारा वाजून जाऊ देत, साहेब," त्यातला एक म्हणाला. "या टायमाला आम्ही तिथं पाय ठेवत नाय."

"का रे?"

दुसराच म्हणाला, "ती पानी पिते ना."

मला हसू आलं. ती कोण, हेही विचारायची गरज मला वाटली नाही. प्रत्येक गावात अशी एक ती असतेच. मी एकटाच बांध ओलांडून मध्यावर जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर तिथे उभं राहणं बरं वाटत नव्हतं. आजूबाजूच्या वाड्यांत पाखरं किलबिलत होती, या तुकड्यावर एकही नव्हतं. वारा होता, पण खुंटं हलत नव्हती. आपल्यामागे कुणी उभं आहे असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा स्वतःलाच शिव्या घातल्या.

मग गडी आले आणि आम्ही तीन खड्डे खणले, छातीएवढे खोल. वर वीतभर तपकिरी, भुसभुशीत माती. तिच्याखाली तांबूस, वाळूसारखी सुटी, बारीक मुरूम मिसळलेली. ती थेट तळापर्यंत तशीच. कुठे खडक नाही, घट्ट थर नाही, खारेपणाची पांढरी खपली नाही. जुन्या झाडांची मुळं खोलवर गेलेली दिसत होती. मी वर आलो तो खूश होऊन. मुंबईच्या इतक्या जवळ अशी खोल, निचऱ्याची माती मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. आंबा लावा, चिकू लावा, सोन्यासारखी जागा.

ओट्यावर म्हातारे, त्यांची बायको आणि सुट्टी काढून थांबलेला मुलगा बसले होते. मुलगा अंधेरीच्या एका कारखान्यात कामाला होता आणि घरात त्याचा आवाज निघत नसावा असा बसला होता. सून चहा घेऊन आली. पंचविशीची असेल. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात चांदीचा एक छोटा टाक होता, बाईची मूर्ती उठवलेला. म्हणजे ही दुसरेपणाची. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली त्रास देत नाही, असा आमच्याकडचा रिवाज.

"काय साहेब? जमीन?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"झकास आहे काका," मी म्हणालो. "जमिनीत काही खोट नाही. लिहून देतो."

हे ऐकताच म्हातारीने डोळे मिटले. मुलगा उठून आत गेला. आणि सून चहाचा कप माझ्यापुढे करायचं सोडून सासूकडे बघत राहिली.

"मग ठरलं," म्हातारे म्हणाले. माझ्याशी नाही, बायकोशी.

काय ठरलं ते मला परत जाताना कळलं. तुकड्याच्या कोपऱ्यावरून वाट स्टेशनकडे जाते. तिथे, उन्हात, डोक्यावरून पदर पुढे ओढून एक बाई उभी होती. चेहरा दिसत नव्हता. खोटं कशाला बोलू, मी वाटेतच थबकलो. दुपारभर ज्या तिला मी हसलो होतो, तीच समोर उभी आहे असं क्षणभर वाटलं. मग तिने पदर मागे सारला. सूनच होती.

"साहेब, जमीन वाईट आहे असं लिहा," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"खोटं कसं लिहू? आणि का लिहू?"

तिने जे सांगितलं ते एका दमात सांगितलं. सासऱ्यांनी ठरवलं होतं, की जमीन वाईट निघाली तर नशीब. पण चांगली निघाली तर खोट घरात आहे. घरात म्हणजे तिच्यात. पहिल्या सुनेचं लग्न झालं त्याच वर्षापासून भात बुडायला लागलं. दोन पावसाळे बघून तिला माहेरी पाठवली, आणि माहेरी ती वर्षाच्या आत तापाने गेली. तेव्हापासून गाव म्हणतं, वरच्या तुकड्यात ती बसली आहे आणि घातलेलं पाणी पिऊन टाकते. मग ही दुसरी आली. चार वर्षं टाक घातला, उपास केले, तरी भात नाही. म्हणजे हिलाही ती सोडत नाही. आता पेरणीच्या आधी हिला माहेरी पाठवायची होती.

"माहेरी कोण आहे?" मी विचारलं.

"भाऊ आहे. वहिनी आहे," ती म्हणाली. "त्या मला ठेवून घेणार नाहीत. आणि साहेब, मलापण तो आवाज येतो. पाणी घातलं की कुणीतरी घोट घेतल्यासारखा. तिला मी काय केलंय?"

परतताना गाडीत मी स्वतःवर इतका चिडलो होतो, की पार्ल्याला उतरायचं विसरून सांताक्रूझला गेलो. जमीन चांगली! चांगली कशाला? बागायतवाला चांगली म्हणतो ती निचऱ्याची. भातवाल्याला हवी ती पाणी धरणारी. आंब्याची मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात आणि भाताची रोपं साचलेल्या पाण्याशिवाय जगत नाहीत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळतं ते. आणि मी ओट्यावर बसून चहाच्या लोभाने "झकास" म्हणून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी माणूस पाठवून निरोप दिला, की तपासणी अर्धीच झाली आहे, मी लिहून देईपर्यंत काही करू नका. आणि सांगितलं, की तुकड्यात चार ठिकाणी हात-हातभर खोल खड्डे घ्या, संध्याकाळी पाण्याने भरा, सकाळी पुन्हा भरा. कोरडी माती वैशाखात पाणी शोषणारच. आधी पोटभर भिजवून मग मोजलं तरच तिचा खरा स्वभाव कळतो.

मी पोचलो तेव्हा तीन खड्डे ओलेकंच पण रिकामे होते. कडेला बायकांच्या अनवाणी पायांचे ठसे होते. सुनेने घागरी वाहिल्या होत्या. म्हातारे, म्हातारी आणि सून बांधावर उभी राहिली. मी पहिल्या खड्ड्यात खुणा केलेली काठी रोवली, पाणी ओतायला लावलं आणि घड्याळ बघितलं.

पाणी उतरायला लागलं. डोळ्यांदेखत, बोटाबोटाने. आणि मग तो आवाज आला. घट्. थोडं थांबून पुन्हा, घट्, घट्. तहानेला जीव तांब्या तोंडाला लावून पितो तसा. म्हातारी खाली बसली आणि जमिनीला हात जोडून पुटपुटली, "पी बाई. पी."

मला त्या आवाजाचं कारण ठाऊक होतं. मातीच्या पोकळ्यांत, जुन्या मुळांच्या बिळांत हवा असते. पाणी आत शिरलं की ती बुडबुड्यांनी वर येते. हे मी तिथे मोठ्याने सांगितलंही. पण सांगताना माझ्या अंगावरचे केस उभे होते, आणि माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. पाव तासात पाणी चार बोटं खाली गेलं होतं. भाताच्या खाचरात चिखलणी केल्यावर ते दिवसभरात बोटभरही जाऊ नये.

दुसरा खड्डा तसाच. तिसरा तसाच.

चौथ्यात पाणी हललं नाही. आदल्या संध्याकाळी ओतलेलं पाणीही तळाशी तसंच होतं, वर माशा बसलेलं. सून दोन पावलं मागे सरकली.

"बघा, साहेब," म्हातारे म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय होता आणि भीतीही होती. "इथं राहतंय. म्हणजे राहू शकतं. तीच राहू देत नाही."

मी गड्याला तो खड्डा बाजूने रुंद करायला सांगितला. हातभर खाली कुदळ वाजली. खडक नव्हता. काळीकरडी चिकण माती, चोपून चोपून दगडासारखी केलेली, एकसारखी सपाट. गडी वरची माती ओढत गेले आणि मी गुडघे टेकून हाताने ती साफ करत गेलो. बैठकीच्या खोलीएवढा तो थर गोल होता आणि पुढे संपत होता. मध्यावर लाकडी खांबाचा कुजका बुंधा होता आणि त्याच्याभोवती काळा पडलेला भाताचा कोंडा.

"काका," मी विचारलं, "लहानपणी इथे भात बघितलं होतं का तुम्ही?"

"बघितलं म्हणजे? डोंगर असायचे! माझ्या बापाच्या वेळेला अख्ख्या गावात नव्हतं एवढं भात इथं असायचं. म्हणून तर लावतो!"

"पिकलेलं बघितलं, की झोडलेलं?"

मग एकेक प्रश्न विचारत मी त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. दहा वर्षांचे असताना ते परळला मामाकडे गेले होते आणि सुट्टीत यायचे ते दिवाळीच्या सुमारास, कापणी झाल्यावर. त्यांनी पाहिलं होतं ते भात झोडायचं खळं, आता मातीखाली गाडलं गेलेलं. चिकण माती खाडीकडून आणून चोपलेली, मध्ये बैल फिरवायचा खांब. भात पिकायचं खाली, जिथे आता खारं पांढरं रान होतं. भाऊ वारला, खाडीचा बांध बघायला कुणी उरलं नाही, भरतीचं पाणी आत शिरलं आणि खाचरं गेली. त्याच साली त्यांनी मुलाचं लग्न केलं आणि त्याच साली भात वर आणलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगून बघितलं होतं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. गिरणीतल्या जॉबरला वाटलं, लोक आपली जमीन पडीक पाडून स्वस्तात घ्यायला टपलेत.

ते काही कबूल करत नव्हते. "लिहून द्या," एवढंच म्हणाले. "लिहिलेलं मी मानीन."

पत्राचा पहिला मसुदा बायकोने वाचला आणि मला परत दिला. "हे तुझ्या जुन्या साहेबाला पाठव," ती म्हणाली. "त्या घरात हे कुणाला कळणार? त्या पोरीला ऐकून कळेल असं लिही." आम्ही नेहमीसारखे भांडलो आणि नेहमीसारखं तिचंच खरं झालं. एक रात्र नाही, दोन दिवस गेले त्या पत्रात. त्यातला महत्त्वाचा भाग मला अजून पाठ आहे.

"आपल्या वरच्या तुकड्याची माती ओली करून हातात वळली असता तिची वळी होत नाही, ती तुटते. याचा अर्थ तीत चिकण माती फार थोडी आहे. अशा मातीत चिखलणी केली तरी तळाला पाणी अडवणारा थर तयार होत नाही. दिलेलं पाणी आणि त्याबरोबर खत मुळांच्या खाली निघून जातं, म्हणून रोप आधी पिवळं पडतं आणि पावसाने चार दिवस दडी मारली की करपतं. शेणखत वाढवून किंवा बांध उंच करून हा दोष जाणार नाही, कारण तो दोष नाही, त्या मातीचा स्वभाव आहे. हाच स्वभाव फळझाडांना मानवतो. माती छातीइतकी खोल आहे, खारटपणा नाही, पाणी साचत नाही, मुळांना हवा मिळते. इथे चिकू आणि कलमी आंबा लावावा. तीस-तीस फुटांवर कमरेइतके खोल खड्डे घ्यावेत, ते उन्हाळाभर तापू द्यावेत, शेणखत घालून भरावेत आणि पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात विहिरीचं पाणी द्यावं. खाडीच्या बाजूने वाऱ्याला आडोसा म्हणून सुरूची ओळ लावावी. खळ्याची जागा फोडून घ्यावी किंवा मोकळी ठेवावी, तिथे झाड लावू नये, मुळं कुजतील."

आणि शेवटी, वेगळं पाडून, एक वाक्य. ते लिहून मी स्वतःवर फार खूश झालो होतो. त्यातून कुणालाही पळवाट राहणार नव्हती. "या जागेत भात कधीही झालं नसतं, कोणत्याही वर्षी, कोणीही लावलं असतं, घरात कोणीही असतं, तरी."

पत्र मी टपालाने पाठवलं नाही. स्वतः घेऊन गेलो आणि ओट्यावर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचलं. सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती. शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा ती हळूहळू खाली बसली आणि तिने पदरात तोंड लपवलं. तिचा नवरा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला; मी त्याला पहिल्यांदाच तिच्याजवळ बघितलं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. जिंकलो, असं वाटलं.

मग म्हातारी म्हणाली, "ते शेवटचं परत वाचा."

मी वाचलं.

"कोणत्याही वर्षी?"

"हो, आजी."

"मोठी आली, त्या वर्षीपण?"

तोवर ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका बाईला सोडवायच्या घाईत मी पहिलीचाही निकाल लिहून बसलो होतो, आणि ती मेलेली होती.

"हो," मी म्हणालो. "त्या वर्षीपण."

परड्यातून, वरच्या अंगाने, वाऱ्याबरोबर काहीतरी आलं. आवाज म्हणावा असं नव्हतं. सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. तुकडा उन्हात मोकळा पडला होता.

म्हातारे उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचा जॉबर पार उतरला होता. "साहेब, बाकी सगळं राहू द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "ही राहील घरात, शब्द देतो. चिकूपण लावतो. फक्त ते वाक्य काढा. 'यापुढे होणार नाही' असं लिहा. 'कधीही' नको."

मला त्यांची दया आली आणि मी पेनही उघडलं. एका शब्दाने कुणाचं काय बिघडणार होतं?

"काढू नका," म्हातारी म्हणाली. "मीच तिला घालवली. ती जाताना तोंड सुकलं म्हणाली, पाणी मागत होती. मी म्हटलं, माझ्या शेताचं पाणी प्यायलीस तेवढं पुरे." ती रडत नव्हती. "तिची आई आहे अजून. बाजारात दिसते, मान फिरवते. लेक पांढऱ्या पायाची म्हणून माघारी आली, हेच त्या बाईला ठाऊक आहे. तिला असं एक पत्र लिहून द्याल?"

मातीच्या सल्लागाराने आयुष्यात काय काय लिहावं! मी तिथेच, ओट्यावर, मांडीवर पाटी घेऊन ते लिहिलं. मातीबद्दलच्या तीनच ओळी झाल्या. पुढचं म्हातारीने सांगितलं, आणि काही ठिकाणी ती इतका वेळ थांबायची की शाई निबावर सुकायची. शेवटी तिने अंगठा उठवला.

म्हातारे मघाशीच उठून वर तुकड्याकडे गेले होते. भर दुपारी, बारा वाजता, ज्या जागेत गडी पाय ठेवत नसत तिथे ते बराच वेळ एकटे उभे असलेले आम्हाला दिसत होते. परत आले तेव्हा मी पत्राची घडी घालत होतो.

"उघडा ते," ते म्हणाले. "माझी सही राहिली."